चालू खात्यावर सही कोणाची?

बचत खात्यात पैसे ज्याचे, सहीही त्याचीच. म्हणून आधार, पॅन आणि फोटो दिला की बँकेचे समाधान होते. भागीदारी फर्मच्या किंवा कंपनीच्या नावाने चालू खाते उघडताना मात्र पैसे एकाचे आणि सही दुसऱ्याची असते. फर्म स्वतः सही करू शकत नाही, कंपनीही नाही. त्यांच्या वतीने कोणीतरी माणूस सही करणार आणि उद्या त्या सहीवर पन्नास लाख रुपये बाहेर गेले, तर हा अधिकार त्याला रीतसर मिळाला होता हे बँकेला दाखवता आले पाहिजे. बँक मागते त्यातले निम्मे कागद ‘हे नाव खरोखर अस्तित्वात आहे का’ यासाठी असतात. उरलेले निम्मे ‘सहीचा अधिकार कोणाला, आणि तो कोणी दिला’ यासाठी. अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या निम्म्यामुळे.

उदाहरणासाठी सांगली जिल्ह्यात बेदाण्याचा व्यापार सुरू करणारे तिघे घेऊ. थोरला भाऊ, त्याची धाकटी बहीण आणि भावाचा शाळेपासूनचा मित्र. भांडवल भावंडांचे, बाजारातली ओळख मित्राची. नफ्यातोट्याचा वाटा भावाचा ५० टक्के, बहिणीचा ४२ आणि मित्राचा ८. हंगाम तोंडावर आलेला असतो, शीतगृहात माल ठेवायचा असतो, म्हणून भाऊ म्हणतो, ‘तोवर माझ्याच खात्यावर घेऊ पैसे, फर्मचं नंतर बघू.’

ही सुरुवातच धोक्याची आहे. भारतीय भागीदारी अधिनियम १९३२चे कलम १९ सांगते, की धंद्याच्या नेहमीच्या कामात एका भागीदाराने केलेले व्यवहार फर्मला बांधून घेतात. पण त्याच कलमात काही गोष्टी वगळल्या आहेत आणि त्यांतली एक म्हणजे फर्मच्या वतीने स्वतःच्या नावाने बँक खाते उघडणे. एवढा अधिकार भागीदाराला आपोआप मिळत नाही. व्यवहारातही अडचण लगेच कळते. व्यापाऱ्याने फर्मच्या नावाने रेखांकित धनादेश दिला, तर तो भावाच्या बचत खात्यात जमा होणार नाही. बँकेने तो घेतला तर पुढच्या वादात निष्काळजीपणाचा ठपका बँकेवर येईल. शिवाय भावाचे काही बरेवाईट झाले, तर त्या खात्यातली रक्कम नामनिर्देशनाप्रमाणे त्याच्या घरी जाईल आणि बहीण व मित्र आपला पैसा कोणता ते सिद्ध करत बसतील. फर्मचा पहिला रुपया फर्मच्याच खात्यात पडला पाहिजे.

त्यासाठीचा मूळ कागद म्हणजे भागीदारीपत्र. तो योग्य मुद्रांकावर केलेला आणि तिघांनी प्रत्येक पानावर सही केलेला हवा. बँकेतला अधिकारी तो पहिल्यापासून वाचत नाही. तो थेट तीन जागा पाहतो. भागीदार कोण आणि त्यांचे वाटे किती, धंद्याचा पत्ता कोणता, आणि ‘बँक खाते’ असे शीर्षक असलेले कलम. हे शेवटचे कलम बहुतेक जण कुठल्यातरी जुन्या मसुद्यावरून उतरवतात. त्यात कधी एखाद्या विशिष्ट बँकेचे नाव असते, कधी ‘सर्व भागीदारांच्या संयुक्त सहीने’ असे असते. मग खाते उघडायच्या अर्जावर ‘कोणाही एकाच्या सहीने’ ही चौकट भरली जाते आणि अर्ज परत येतो. अधिकाऱ्याचे चुकत नाही. मूळ करार एक सांगतो आणि अर्ज दुसरे. माझ्या मते भागीदारीपत्रात बँकेचे नाव घालूच नये. ‘सर्व भागीदार लेखी ठरवतील त्या बँकेत आणि त्या पद्धतीने खाते चालेल’ एवढे लिहिले, की पुढे बँक बदलताना पत्र दुरुस्त करावे लागत नाही.

त्या लेखी ठरवण्याचा कागद बँक स्वतःच देते. प्रत्येक बँकेचा एक छापील नमुना असतो, त्याला कोणी भागीदारी पत्र म्हणते, कोणी भागीदारांचे घोषणापत्र. त्यात तिघे सांगतात, की या फर्मचे भागीदार आम्हीच आहोत, आणखी कोणी नाही. फर्मच्या देण्याला आम्ही एकत्रितपणे आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणेही जबाबदार आहोत. खाते अमुक व्यक्ती अमुक पद्धतीने चालवतील, आणि भागीदारांत बदल झाला तर आम्ही कळवू. या कागदावर सर्व भागीदारांच्या सह्या लागतात, खाते चालवणार नसलेल्यांच्यासुद्धा. कंपनीत ठराव जे काम करतो तेच काम इथे या सह्या करतात. फर्म म्हणजे भागीदारांचेच एकत्रित नाव असल्यामुळे अधिकार देणारे तेच, त्यांच्यावर दुसरे कोणी मंडळ नाही.

सही कोणाची हे वाट्याच्या टक्क्यांवर ठरत नाही, ही गोष्ट अनेकांना नवी वाटते. तिघांनी ठरवले तर ८ टक्क्यांचा मित्र एकटा सही करू शकतो आणि ५० टक्क्यांचा भाऊ करणार नाही, असेही चालते. आपल्या उदाहरणात रोजची खरेदी मित्र करतो, म्हणून ‘मित्र आणि भावंडांपैकी एक अशा दोन सह्या’ ही रचना सुरक्षित. पण संयुक्त सहीचा परिणाम आधी समजून घ्यायला हवा. संयुक्त सहीच्या खात्यावर बँका बहुधा डेबिट कार्ड देत नाहीत, आणि इंटरनेट बँकिंगमध्ये एकाने व्यवहार भरायचा व दुसऱ्याने मंजूर करायचा अशी दोन पायऱ्यांची सोय मागून घ्यावी लागते. धनादेशावर दोन सह्या ठरवल्या आणि इंटरनेट बँकिंगचे पूर्ण अधिकार एकाच मोबाइलवर दिले, तर दोन सह्यांना काही अर्थ उरत नाही. अर्जातले मोबाइल क्रमांक आणि ईमेलचे रकाने कोणाचे भरले आहेत, हे तिन्ही भागीदारांनी डोळ्यांनी पाहावे.

हिशेबनिसाला सही करू द्यायची असेल तर एका भागीदाराच्या पत्राने भागत नाही. बाहेरच्या माणसाला अधिकार द्यायला सर्वांची संमती लागते. उलट दिशेने मात्र एकटा भागीदार बरेच काही करू शकतो. खाते न चालवणाऱ्या भागीदारानेही लेखी कळवले, तर बँक धनादेश थांबवते. भागीदारांत वाद असल्याचे पत्र आले, तर सर्वांच्या सहीची नवी सूचना मिळेपर्यंत बँक व्यवहार अडवून धरते. म्हणून रागाच्या भरात बँकेला पत्र टाकण्याआधी हे लक्षात ठेवावे, की त्याच दिवशी वाटले गेलेले पगाराचे धनादेशही परत जाऊ शकतात.

बाकीचे कागद सोपे आहेत. फर्मचे स्वतःचे पॅन लागते. पॅनमधले चौथे अक्षर धारक कोण ते सांगते: व्यक्तीला पी, फर्मला एफ, कंपनीला सी. भावाचे पॅन फर्मसाठी चालत नाही. पॅन, भागीदारीपत्र आणि जीएसटीचे प्रमाणपत्र यांवरचे नाव अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. एका ठिकाणी ‘अँड कंपनी’, दुसरीकडे ‘ॲण्ड को.’, तिसरीकडे आधी ‘मेसर्स’ असे झाले, की काम अडते. धंद्याच्या जागेसाठी शॉप ॲक्टचा कागद, वीजबिल किंवा भाडेकरार लागतो. बँकेचा माणूस जागेवर येऊन पाटी आहे का तेही पाहतो. तिन्ही भागीदारांचे पॅन, ओळख आणि पत्त्याचे पुरावे लागतात. मूळ कागद सोबत न्यावेत, कारण छायाप्रतीवर ‘मूळ पाहिले’ असा शेरा मारल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही.

फर्मची नोंदणी हवीच का, हा प्रश्न बँकेच्या दारात हमखास निघतो. कायद्याने भागीदारी फर्मची नोंदणी सक्तीची नाही. पण रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत भागीदारी फर्मसाठी नोंदणी प्रमाणपत्र मागितले आहे आणि नोंदणी नसलेल्या फर्मला ‘अनिगमित संस्था’ या वेगळ्या गटात टाकले आहे. त्या गटासाठी व्यवस्थापन करणाऱ्यांचा ठराव आणि अधिकारपत्र लागते. म्हणजे खाते उघडता येते, कागद बदलतात. बँकेपलीकडचे कारण अधिक मोठे आहे. कलम ६९प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारातला हक्क मिळवण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. बेदाण्यासारखा उधारीवर चालणारा धंदा असेल, तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे आधी जावे आणि मग बँकेत.

भागीदारीपत्रात आणखी एक वाक्य नसले तर खाते पुढे कधीतरी थांबते. कलम ४२प्रमाणे, वेगळा करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म संपुष्टात येते. ‘एकाच्या मृत्यूनंतर उरलेले भागीदार धंदा पुढे चालवतील’ असे लिहिलेले असेल, तर बहीण आणि मित्र नवे पत्र करून खाते चालू ठेवू शकतात. दोनच भागीदार असतील तर मात्र हे वाक्य उपयोगी पडत नाही, कारण एकटा माणूस भागीदारी करू शकत नाही. नवरा-बायको किंवा दोन भाऊ अशा फर्म आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी तिसरा भागीदार घेण्याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

आता समजा धंदा वाढला आणि काही वर्षांनी या तिघांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. त्यांना वाटते, खात्याचे नाव बदलून घेऊ. तसे होत नाही. कंपनी ही कायद्याने नवी व्यक्ती आहे, तिला स्वतःचा सीआयएन म्हणजे नोंदणी क्रमांक आणि स्वतःचे पॅन असते, म्हणून खातेही नवेच. जुने खाते लगेच बंद करू नये. बाजारात फर्मच्या नावाने गेलेले आणि येणारे धनादेश वटेपर्यंत ते चालू ठेवावे.

कंपनीची नोंदणी आता SPICe+ या ऑनलाइन अर्जाने होते आणि त्याला जोडलेल्या AGILE-PRO-S या अर्जात बँक खात्याची मागणीही नोंदवली जाते. निवडलेल्या बँकेकडे माहिती पोचते आणि शाखेतून फोन येतो. लोक समजतात खाते उघडले. खरे तर ती सुरुवात असते, ठराव आणि केवायसी झाल्याशिवाय खाते चालू होत नाही. बँकेला नोंदणी प्रमाणपत्र, मेमोरँडम आणि आर्टिकल्स, कंपनीचे पॅन, संचालकांची यादी, नोंदणीकृत कार्यालयाचा पुरावा आणि सही करणाऱ्यांची कागदपत्रे लागतात. या सगळ्यांवर वजन असते ते संचालक मंडळाच्या ठरावाचे.

फर्ममध्ये सर्व भागीदारांनी सही केली की पुरे. कंपनीत सर्व भागधारकांनी सही केली तरी पुरत नाही. अधिकार देते ते संचालक मंडळ, आणि तेही सभा घेऊन. कंपनी कायदा २०१३प्रमाणे पहिली सभा नोंदणीनंतर ३० दिवसांत घ्यावी लागते. सभेला किमान दोन संचालक किंवा एकूण संचालकांच्या एक तृतीयांश, यांपैकी जी संख्या जास्त असेल तितकी उपस्थिती हवी. नव्या कंपन्यांच्या ठरावात एक चूक वारंवार आढळते: ठरावाची तारीख नोंदणीच्या आधीची असते. घाईने मसुदा आधी तयार केलेला असतो. पण त्या तारखेला कंपनी जन्मालाच आली नव्हती, मग तिच्या मंडळाने ठराव केला कसा? बँक असा कागद परत करते आणि ते योग्यच आहे.

ठरावाचा मजकूर साधारण असा असतो:

‘ठराव करण्यात येतो की, कंपनीच्या नावाने (बँकेचे व शाखेचे नाव) येथे चालू खाते उघडण्यात यावे, (नाव, पद, संचालक ओळख क्रमांक) आणि (नाव, पद, संचालक ओळख क्रमांक) यांना त्या खात्यावर धनादेश काढणे, रक्कम पाठवणे व खात्याविषयी सूचना देणे यांसाठी संयुक्तपणे सही करण्याचा अधिकार देण्यात यावा, इंटरनेट बँकिंगवर एकाने भरलेला व्यवहार दुसऱ्याच्या मंजुरीनंतरच पूर्ण व्हावा, आणि हा ठराव मंडळ लेखी रद्द करून बँकेला कळवीपर्यंत अमलात राहावा.’

एवढे पुरेसे आहे. प्रत्यक्षात बँक आपला छापील ठराव पुढे करते आणि इथे थांबून वाचण्याची गरज आहे. अनेक छापील नमुन्यांत खाते चालवण्याबरोबर ओव्हरड्राफ्ट घेणे, कर्ज उचलणे, हमी देणे, तारण ठेवणे हे अधिकारही त्याच सहीला दिलेले असतात. तुम्हाला फक्त खाते उघडायचे असते आणि कागदावर मात्र मित्राला कंपनीच्या नावाने कर्ज काढायची मुभा मिळून जाते. कर्ज घेण्याचा निर्णय कलम १७९प्रमाणे मंडळाच्या सभेत व्हावा लागतो. तो खाते उघडण्याच्या ठरावात गुपचूप मिसळू देऊ नये. नको असलेली वाक्ये खोडून त्यावर सह्या करता येतात किंवा स्वतःच्या मजकुराचा ठराव देता येतो. शाखेत थोडा आग्रह धरावा लागतो, पण तो धरावा. पुढे कंपनीत फूट पडली, की बँक हाच कागद दाखवते. आतली कार्यपद्धती नीट पाळली गेली होती, असे गृहीत धरायची मुभा बाहेरच्या माणसाला कायदा देतो, त्यामुळे सैल ठरावाचा भार कंपनीवरच पडतो.

बँकेला द्यायची असते ती ठरावाची प्रमाणित प्रत, कंपनीच्या लेटरहेडवर. मूळ ठराव सभेच्या इतिवृत्तात राहतो आणि इतिवृत्त ३० दिवसांत वहीत उतरवावे लागते. प्रतीवर ज्याला अधिकार मिळाला त्यानेच ‘खरी प्रत’ म्हणून एकट्याने सही करणे बँकांना पटत नाही. दुसऱ्या संचालकाने किंवा कंपनी सेक्रेटरीने करावी. एक व्यक्ती कंपनी असेल आणि संचालक एकच असेल, तर सभेचा प्रश्न येत नाही. त्याने ठराव वहीत लिहून सही आणि तारीख घातली की तो झाला.

आपल्या उदाहरणात कंपनी करताना भावंडांनी आईच्या नावाने २० टक्के भाग ठेवले. आई संचालक नाही, सही करणार नाही, बँकेत कधी येणारही नाही. तरी बँक तिचे पॅन आणि आधार मागते. घरच्यांना हा जाच वाटतो. कारण असे, की काळा पैसा रोखण्याच्या नियमांप्रमाणे कंपनीमागची खरी माणसे कोण हे बँकेला शोधावे लागते आणि १० टक्क्यांहून अधिक मालकी असलेली प्रत्येक व्यक्ती त्यात येते. पूर्वी कंपनीसाठी ही मर्यादा २५ टक्के होती, ती २०२३मध्ये खाली आली. भाग दुसऱ्या कंपनीच्या नावावर असतील, तर त्या कंपनीमागचा माणूस सांगावा लागतो. ही माहिती खाते उघडतानाच स्वतःहून दिली तर आठवडा वाचतो.

खाते उघडल्यावर पहिली जमा काय असावी, हेही ठरलेले आहे. मेमोरँडमवर सही करताना प्रत्येकाने अमुक भाग घेण्याचे कबूल केलेले असते. समजा भांडवल १ लाख रुपये. ते पैसे ज्याचे त्याने स्वतःच्या खात्यातून, आपल्या वाट्याएवढेच, कंपनीच्या खात्यात पाठवावेत. आईचे २०,००० रुपये भावाच्या खात्यातून आले तर हिशेबात खुलासे द्यावे लागतात. मग बँकेचे खाते-विवरण जोडून INC-20A हा अर्ज नोंदणीपासून १८० दिवसांत भरायचा असतो. तो भरेपर्यंत कंपनीला धंदा सुरू करता येत नाही आणि कर्जही घेता येत नाही. भरला नाही तर कंपनीला ५०,००० रुपये दंड, संचालकांना दर दिवशी १,००० रुपये असा १ लाखापर्यंतचा वेगळा दंड, आणि कंपनीचे नाव नोंदवहीतून काढले जाण्याची शक्यता. खाते उघडायला उशीर झाला, की त्याची झळ थेट इथे लागते. १८० दिवस मोठे वाटतात, पण नाव न जुळणारे पॅन, चुकलेला ठराव आणि परगावी असलेला संचालक यांत महिने जातात.

फर्मचे जुने कर्ज दुसऱ्या बँकेत असेल, तर नवी बँक त्याची चौकशी करणार. कर्ज एका बँकेचे आणि विक्रीचे पैसे दुसऱ्याच बँकेत वळवले जातात, हे रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ६ ऑगस्ट २०२० रोजी चालू खात्यांवर बंधने आणली. नंतर लहान कर्जदारांना सवलती मिळाल्या. आपले कर्ज कोणत्या गटात येते ते शाखेत आधी विचारावे आणि अर्जातल्या ‘इतर बँकांतील कर्ज’ या रकान्यात काही लपवू नये. बँकेला ती माहिती पतमाहिती अहवालातून दिसतेच.

यानंतर लोक खाते विसरतात, आणि वर्षाभराने बहीण संचालकपद सोडते. निबंधकाकडे राजीनाम्याचा अर्ज जातो, बँकेला कोणी कळवत नाही. बँकेत तिची सही चालूच राहते, किंवा बँकेला कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे नाव दिसत नाही आणि ती ऐन दिवाळीच्या तोंडावर खाते अडवते. आधी दिलेल्या कागदांत बदल झाला, की तो ३० दिवसांत बँकेला द्यायचा असतो. त्यासाठी नवा ठराव लागतो, त्यात जुन्या सहीचा अधिकार काढल्याचे स्पष्ट वाक्य हवे आणि नव्या माणसाची केवायसी हवी. फर्ममध्ये हेच काम दुरुस्त भागीदारीपत्र आणि राहिलेल्या व नव्या अशा सर्वांच्या सहीचे घोषणापत्र करते. दोन्हीकडे प्रत दिल्यावर शाखेचा पोच शिक्का घेऊन ती फाइलला लावावी, आणि त्याच दिवशी इंटरनेट बँकिंगमधले जुने नाव खरोखर बंद झाले का तेही पाहावे.